रिऑर्डर लेव्हल ऑर्डरपेक्षा मोठी कशी? लातूरच्या एका डाळमिलच्या कट्ट्यांचा हिशेब

प्रश्न: सर, मी लातूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुपारनंतर एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये हिशेब लिहितो. मालकांनी रिकाम्या छापील कट्ट्यांच्या साठ्याच्या पातळ्या काढायला सांगितल्या आहेत. आठवड्याला कमीत कमी ६००, जास्तीत जास्त १,४०० आणि सरासरी १,००० कट्टे लागतात. माल हैदराबादहून २ ते ४ आठवड्यांत येतो. मिल वर्षात ५० आठवडे चालते. कट्ट्याचा भाव १८ रुपये, एका ऑर्डरमागचा खर्च ९०० रुपये, साठवणुकीचा खर्च किमतीच्या २० टक्के. माझा ईओक्यू ७०७ आला, मित्राचा ५,०००. पण ५,००० धरला तर रिऑर्डर लेव्हल ५,६०० येते. मागवायचे ५,००० आणि मागवायची वेळ ५,६०० वर, हे कसं शक्य आहे? आणि एका सूत्रात जास्तीत जास्त वापर, दुसऱ्यात सरासरी, तिसऱ्यात कमीत कमी, हे पाठ न करता कसं लक्षात ठेवायचं?

उत्तर:

मित्राचे ५,००० बरोबर आहेत आणि ५,६०० ही रिऑर्डर लेव्हलही बरोबर आहे. तुझे ७०७ कुठून आले ते आधी पाहू, कारण ही चूक परीक्षेत आणि मिलमध्ये दोन्हीकडे होते.

ईओक्यू म्हणजे एका वेळी मागवायची सगळ्यात किफायतशीर संख्या. त्याच्या सूत्रात दोन आकडे एकाच कालावधीचे लागतात: वापर आणि साठवण खर्च. तू वापर आठवड्याचा घेतलास, म्हणजे १,०००, आणि साठवण खर्च घेतलास वर्षाचा, म्हणजे १८ रुपयांचे २० टक्के, ३ रुपये ६० पैसे. एक आठवड्याचा, एक वर्षाचा. अशी जोडी सूत्रात घातली की उत्तर येतं, पण त्याला अर्थ नसतो. वर्षाचा वापर १,००० गुणिले ५०, म्हणजे ५०,००० कट्टे. इथे ५२ आठवडे धरायचे नाहीत, कारण मिल वर्षात ५० आठवडेच चालते हे तूच लिहिलं आहेस. ५०,००० घेतल्यावर हिशेब असा होतो:

ईओक्यू = √(२ × वार्षिक वापर × एका ऑर्डरचा खर्च ÷ एका नगाचा वर्षाचा साठवण खर्च)

= √(२ × ५०,००० × ९०० ÷ ३.६०) = √२,५०,००,००० = ५,००० कट्टे

मिलच्या संगणकावर एक्सेलमध्ये हे एका ओळीत बसतं:

```
=SQRT(2*50000*900/(18*0.20))
```

चूक झाली आहे हे सूत्र न तपासताही कळायला हवं होतं. आठवड्याला १,००० कट्टे लागतात आणि माल यायला दोन ते चार आठवडे लागतात. मग ७०७ कट्ट्यांची ऑर्डर पाच दिवसांत संपणार आणि वर्षाला सत्तर ऑर्डरी निघणार. सत्तर वेळा ९०० रुपये म्हणजे ६३,००० रुपये निव्वळ मागवण्यावर. ईओक्यू काढला की वर्षाचा वापर त्याने भागून ऑर्डरींची संख्या बघायची सवय लाव. ५०,००० भागिले ५,००० म्हणजे १० ऑर्डरी, साधारण पाच आठवड्यांना एक. हे मिलच्या चालीला धरून आहे.

दुसरी तपासणी खर्चाची. दहा ऑर्डरींचे ९,००० रुपये. साठवणुकीत सरासरी अर्धी ऑर्डर पडून असते, म्हणजे २,५०० कट्टे गुणिले ३.६०, तेही ९,००० रुपये. ईओक्यूवर हे दोन्ही खर्च नेमके सारखे येतात. सारखे आले नाहीत तर गणितात कुठेतरी चूक आहे.

आता तीन पातळ्या. सूत्रं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक पातळी कोणत्या भीतीपोटी ठेवली आहे ते लक्षात घे. वापर कोणता घ्यायचा हे त्या भीतीवरून आपोआप ठरतं.

रिऑर्डर लेव्हलमागची भीती एकच: हॉपरखाली डाळ तयार आहे, ट्रक दारात उभा आहे आणि भरायला कट्टा नाही. म्हणून आपण वाईटात वाईट दिवस धरतो. वापर सगळ्यात जास्त आणि माल सगळ्यात उशिरा. १,४०० गुणिले ४ म्हणजे ५,६००. साठा इथवर उतरला की त्याच दिवशी ऑर्डर गेली पाहिजे.

मॅक्सिमम लेव्हलमागची भीती उलटी आहे. मिल मंद चालली आहे, कट्टे खपत नाहीत आणि हैदराबादचा माल मात्र लवकर येऊन पडला. तेव्हा गोदामात जास्तीत जास्त किती गठ्ठे मावावे लागतील? ऑर्डर दिली तेव्हा ५,६०० होते. माल येईपर्यंत कमीत कमी किती गेले? सगळ्यात कमी वापर गुणिले सगळ्यात लवकरचा काळ, ६०० गुणिले २, म्हणजे १,२००. उरले ४,४००, त्यात नवे ५,००० पडले. झाले ९,४००. सूत्र म्हणून लिहिलं तर रिऑर्डर लेव्हल अधिक ईओक्यू वजा कमीत कमी वापर गुणिले कमीत कमी काळ. वजाबाकी कमीत कमीची का, हा तुझा प्रश्न इथे मिटतो. वापर जितका कमी धरशील तितका साठा जास्त दिसतो, आणि आपल्याला जास्तीत जास्त साठाच हवा आहे.

मिनिमम लेव्हल ही भीतीची पातळी नाही. सगळं नेहमीसारखं चाललं तर नवा माल दारात येतो तेव्हा जुना किती उरलेला असेल, एवढंच ती सांगते. म्हणून तिथे सरासरी. ५,६०० मधून १,००० गुणिले ३ वजा केले की २,६००. सरासरी काळ ३ आठवडे, दोन आणि चारचा मध्य. प्रश्नात 'नेहमीचा' वापर किंवा काळ वेगळा दिला असेल तर मात्र मध्य काढत बसू नकोस, दिलेलाच घे.

यातून एक गोष्ट निघते जी वर्गात फारशी सांगितली जात नाही. मिनिमम लेव्हल सरासरीवर उभी असल्यामुळे साठा तिच्याखाली जाणं हे साहजिक आहे. जवळपास निम्म्या वेळा वापर सरासरीपेक्षा थोडा जास्त असेल किंवा माल थोडा उशिरा येईल, आणि माल पोहोचण्याआधी साठा २,६०० च्या खाली गेलेला असेल. त्या दिवशी मालकांना घाबरवायचं नाही. हैदराबादला फोन करून माल निघाला का, एवढं विचारायचं. घाबरायची पातळी वेगळी असते, तिला डेंजर लेव्हल म्हणतात. स्थानिक व्यापाऱ्याकडून बिनछापी कट्टे तातडीने आणायला समजा आठवडा लागतो, तर सरासरी वापर गुणिले तो आठवडा, म्हणजे १,००० कट्टे. साठा तिथे आला की हैदराबादची वाट पाहत बसायचं नाही, थोडा भाव जास्त गेला तरी चालेल.

आता तुझा खरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. ऑर्डर ५,००० ची आणि रिऑर्डर लेव्हल ५,६००. सामान्य स्थितीत यात काही अडचण नाही. ५,६०० वर ऑर्डर दिलीस, तीन आठवड्यांत ३,००० गेले, २,६०० उरले, ५,००० आले, साठा ७,६००. तो पुन्हा उतरत ५,६०० ला येतो आणि पुढची ऑर्डर जाते.

अडचण वाईट काळात येते. चार आठवडे रोज जोरात मिल चालली. पहिल्या आठवड्याअखेर ४,२००, दुसऱ्या २,८००, तिसऱ्या १,४००, चौथ्या आठवड्याअखेर शून्य आणि त्याच दिवशी ५,००० आले. आता गोदामात ५,००० आहेत, म्हणजे साठा रिऑर्डर लेव्हलपर्यंत चढलाच नाही. तू गोदामातलेच कट्टे मोजत असशील तर आज ऑर्डर देशील, आणि पुढचे चार आठवडेही असेच गेले तर ५,६०० हवेत, हातात ५,०००. सहाशे कट्ट्यांचा तुटवडा, म्हणजे तीन दिवस मिल अडली.

उपाय ऑर्डर मोठी करण्यात नाही. उपाय मोजण्यात आहे. रिऑर्डर लेव्हलशी ताडून पाहायचा तो आकडा गोदामातला नाही. गोदामातले अधिक मागवलेले पण अजून न आलेले, असे दोन्ही मिळून तो आकडा होतो. वरच्याच उदाहरणात ऑर्डर दिल्या दिवशी हा आकडा ५,६०० अधिक ५,०००, म्हणजे १०,६००. चौथ्या आठवड्याच्या मध्यावर ५,००० कट्टे संपलेले असतात. हातात ६००, वाटेवर ५,०००, मिळून ५,६००. म्हणजे पहिला माल यायच्या आधीच दुसरी ऑर्डर जायला हवी होती. ती त्या दिवशी गेली असती तर तुटवडा आलाच नसता. तुझ्या बिन कार्डावर किंवा एक्सेलमध्ये 'शिल्लक' रकान्याशेजारी 'मागवलेले' हा रकाना घाल. रिऑर्डर लेव्हल ऑर्डरपेक्षा मोठी आली तर हा रकाना नसताना पातळ्यांचा उपयोग अर्धाच होतो. परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, पण मिलमध्ये पहिल्याच हंगामात लागेल.

हंगामाचं नाव निघालं म्हणून आता थोडं थांबतो, कारण तुझ्या आकड्यांत मला सगळ्यात जास्त खटकलं ते तिथेच. आठवड्याला ६०० ते १,४००, म्हणजे दुपटीपेक्षाही जास्त फरक. मोंढ्यात नवी तूर यायला लागली की लातूरच्या मिला जोर धरतात आणि पावसाळ्यात मंदावतात. हे ६०० आणि १,४०० एकाच महिन्यात, कोणत्याही आठवड्यात येत नाहीत. त्यामुळे हा फरक अनिश्चिततेचा नाही, वेळापत्रकाचा आहे. आणि सूत्र मात्र तो अनिश्चिततेचा समजून सुरक्षेसाठी साठा वाढवतं.

बिन कार्डावरचे मागच्या वर्षीचे आठवड्यागणिक आकडे काढून बघ. माझा अंदाज असा की जानेवारीपासून मेच्या मध्यापर्यंतचे वीस आठवडे १,२०० ते १,४०० वर असतील, सरासरी १,३००, आणि उरलेले तीस आठवडे ६०० ते १,००० वर, सरासरी ८००. बेरीज करून पाहा: वीस गुणिले १,३०० म्हणजे २६,०००, तीस गुणिले ८०० म्हणजे २४,०००. मिळून ५०,०००, वर्षाचा आकडा तोच राहतो. पण पातळ्या बदलतात.

हंगामात रिऑर्डर लेव्हल १,४०० गुणिले ४, म्हणजे तीच ५,६००. मिनिमम मात्र ५,६०० वजा १,३०० गुणिले ३, म्हणजे १,७००. मॅक्सिमम ५,६०० अधिक ५,००० वजा १,२०० गुणिले २, म्हणजे ८,२००. बिगरहंगामात रिऑर्डर लेव्हल १,००० गुणिले ४, ४,०००. मिनिमम ४,००० वजा ८०० गुणिले ३, १,६००. मॅक्सिमम ४,००० अधिक ५,००० वजा १,२००, ७,८००.

एकत्रित हिशेबात मिनिमम २,६०० होता, आता दोन्ही काळांत सोळाशे-सतराशे आहे. जवळपास साडेनऊशे कट्टे कमी अडकले, म्हणजे वर्षाला साडेतीन हजार रुपयांच्या आसपास साठवण खर्च वाचला. रक्कम छोटी आहे हे खरं. पण मला यातली मोठी गोष्ट वेगळी वाटते. ऑगस्टमध्ये साठा ५,६०० ला आला म्हणून ऑर्डर देणं ही शुद्ध घाई आहे, कारण त्या महिन्यात आठवड्याला हजाराच्या वर कट्टे जातच नाहीत. आणि हंगामात मॅक्सिमम ९,४०० समजून बसलास तर ८,८०० कट्टे झाले तरी काही बिघडलं आहे हे तुला कळणार नाही. सैल पातळी इशारा देत नाही.

पातळी कधी बदलायची यातही एक बारकावा आहे. जानेवारीत जोर लागणार म्हणून जानेवारीत पातळी वाढवली तर उशीर झाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हवे असलेले कट्टे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागवावे लागतात, कारण चार आठवडे लागू शकतात. म्हणून ५,६०० ची पातळी डिसेंबरच्या सुरुवातीलाच लावायची. तसंच मेच्या मध्यावर मिल मंदावणार असेल तर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत पातळी दर आठवड्याला चारशेने कमी करत ४,००० वर आणायची, नाहीतर हंगामाची शेवटची ऑर्डर पावसाळाभर छतापर्यंत रचून ठेवावी लागेल.

ईओक्यूही दोन काळांसाठी वेगळा काढावा का? काढला तर हंगामात सुमारे ५,७०० आणि नंतर ४,५०० च्या जवळ येतो. पण मी ५,००० च ठेवेन, आणि त्याचं कारण सांगतो. हे सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली मांडलं. त्याचा मोठा गुण असा की तळाशी खर्चाची रेषा फार सपाट असते. ५,००० ऐवजी ४,००० मागवले तर ऑर्डरींचा खर्च ११,२५० आणि साठवण ७,२००, मिळून १८,४५०. ६,००० मागवले तर ७,५०० आणि १०,८००, मिळून १८,३००. ईओक्यूवरचा खर्च १८,००० होता. हजार कट्टे इकडे-तिकडे झाल्याने वर्षाला तीनशे ते साडेचारशे रुपयांचा फरक. म्हणून ईओक्यू खुशाल पूर्ण गठ्ठ्यांत बसव. पाचशेचा गठ्ठा असेल तर ५,००० म्हणजे दहा गठ्ठे, नेमकं बसतं. रिऑर्डर लेव्हल मात्र नेहमी वरच्या गठ्ठ्याकडे न्यायची: ५,६०० म्हणजे अकरा गठ्ठे आणि शंभर, तर बारा धरायचे. एका बाजूला बारा गठ्ठे वेगळे रचून त्यांच्यावर लाल सुतळी बांधून ठेवली तर हमालालाही कळतं की या ढिगाला हात लावण्याआधी ऑफिसात सांगायचं आहे. परीक्षेच्या उत्तरात मात्र ५,६००च लिही.

आता ९०० रुपये आणि २० टक्के हे आकडे मालकांनी कसे काढले ते एकदा विचार. ऑर्डरच्या खर्चात तोच खर्च येतो जो ऑर्डर दिली म्हणून झाला आणि दिली नसती तर झाला नसता. टेम्पोचं ठरलेलं भाडं, छपाईच्या ब्लॉकची प्रत्येक वेळची आकारणी, आल्यावर चार-दोन कट्टे फाडून शिलाई आणि वजन तपासण्याची मजुरी. तुझा पगार त्यात येत नाही, कारण ऑर्डरी दहा झाल्या काय आणि आठ झाल्या काय, तो तितकाच राहतो. नगामागे दिली जाणारी हमालीही ऑर्डरचा खर्च नाही. ती प्रत्येक कट्ट्याबरोबर वाढते, म्हणून ती १८ रुपयांत मिळवायची. जीएसटीचा परतावा मिळत असेल तर कर किमतीत धरायचा नाही, मिळत नसेल तर धरायचा. आणि २० टक्क्यांत सीसी खात्यावरचं व्याज हा एक भाग झाला. बाकीचा जागेचा, विम्याचा, उंदरांनी कुरतडलेल्या कट्ट्यांचा आणि उन्हाचा. हे कट्टे पॉलीप्रॉपिलिनचे असतात आणि ऊन लागलं की त्यांचा धागा ठिसूळ होतो. पत्र्याच्या शेडबाहेर ताडपत्रीखाली ठेवलेला गठ्ठा मराठवाड्याच्या एप्रिल-मेमधून गेला की भरताना कडेने फाटतो. तसं होत असेल तर २० टक्के कमी पडतील.

सूत्रापेक्षा जास्त चुका होतात त्या २ ते ४ आठवडे या आकड्यात. हा काळ कुठून कुठपर्यंत मोजला? सुरुवातीच्या वर्षांत मी जालन्याच्या एका बियाणे प्रक्रिया केंद्रात साठ्याचं काम पाहत होतो. पिशव्यांचा पुरवठा दहा दिवसांत होतो असं फाइलीत होतं, आणि मी त्यावरून पातळ्या बांधल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात, शेतकरी बियाण्यासाठी दुकानांत यायला लागले तेव्हा, आमच्याकडे पिशव्या संपल्या. पुरवठादाराने दहा दिवसांत माल दिला होता, त्याची चूक नव्हती. दहा दिवस खरेदी आदेशाच्या तारखेपासून मोजले होते. स्टोअरने मागणी लिहिल्यापासून त्या कागदावर सही होईपर्यंत आठ दिवस गेले होते, आणि ते कुणाच्याच हिशेबात नव्हते. माझ्याही नव्हते. तेव्हापासून मी मागणी लिहिल्याच्या दिवसापासून कट्टे तपासून रॅकवर चढेपर्यंतचा काळ मोजतो. तुझ्या मिलमध्ये मालक आठवड्यातून दोनच दिवस सही करत असतील तर तुझे ४ आठवडे कदाचित साडेचार आहेत. मग रिऑर्डर लेव्हल १,४०० गुणिले साडेचार, ६,३०० होते. मागच्या सहा-सात ऑर्डरींच्या तारखा काढ, मागणीची चिठ्ठी आणि आवक नोंद समोरासमोर ठेव, आणि मगच २ ते ४ लिही.

सरासरी साठा विचारला तर दोन उत्तरं निघतात आणि मुलं गोंधळतात. मिनिमम अधिक अर्धा ईओक्यू केलं तर २,६०० अधिक २,५००, म्हणजे ५,१००. मिनिमम आणि मॅक्सिममची बेरीज करून निम्मी केली तर ९,४०० अधिक २,६०० भागिले २, म्हणजे ६,०००. फरक यासाठी की मॅक्सिमम ही क्वचितच येणारी टोकाची स्थिती आहे, ती धरली की सरासरी फुगते. मी ५,१०० मानतो. परीक्षेत कोणतं सूत्र वापरलं ते ओळीवर लिहून टाक, गुण जात नाहीत.

मालक एक गोष्ट नक्की विचारतील, म्हणून तयारी ठेव. पुरवठादार म्हणतो, एकदम १०,००० घ्या, साडेसतरा रुपयांनी देतो. तेव्हा ईओक्यू ५,००० आहे म्हणून नाही म्हणायचं नसतं, पूर्ण वर्षाचा हिशेब मांडायचा असतो. खरेदीत ५०,००० कट्ट्यांवर पन्नास पैसे, २५,००० रुपये वाचतात. ऑर्डरी पाच, खर्च ४,५००. साठवण ५,००० कट्टे गुणिले ३.५०, १७,५००. मिळून २२,०००, पूर्वीच्या १८,००० पेक्षा ४,००० जास्त. म्हणजे कागदावर २१,००० रुपये फायदा. पण मॅक्सिमम लेव्हल आता ५,६०० अधिक १०,००० वजा १,२००, १४,४०० होते, म्हणजे एकोणतीस गठ्ठे. ते पत्र्याखाली, जमिनीपासून उंच फळ्यांवर मावतात का, आणि वर्षभरात कट्ट्यावरचा ब्रँड, पत्ता किंवा छापील मजकूर बदलणार आहे का, हे दोन प्रश्न आधी विचार. मजकूर बदलला तर उरलेले कट्टे रद्दीच्या भावाने जातात. रद्दीचे पैसे नगण्य धरले तर १,३०० कट्टे तसे गेले तरी २२,७५० रुपये गेले, म्हणजे २१,००० चा फायदा संपून वर तोटा.

आणि हे सगळं कट्ट्यांसाठी आहे, सुतळी, शिलाईचा दोरा, मशीनचे पट्टे यांनाही चालेल. तुरीला मात्र लावू नकोस. तूर मोंढ्यात वर्षभर सारखी येत नाही, तिचा भाव आवकेबरोबर हलतो, आणि मालक ती हंगामात भरतात ते भाव आणि प्रत पाहून. ईओक्यूमध्ये भाव स्थिर आणि वापर सारखा असं गृहीत आहे, आणि तुरीच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतकं पहिल्याच महिन्यात मोडतात.